स्टायलिस्टचे हात किती मिनिटं अडकतात?

*नाशिकला गंगापूर रोडवर माझं सलून आहे. तीन स्टायलिस्ट, दोन हेल्पर मुली, एक शाम्पू बेसिन. रविवारी क्लायंट तासभर ताटकळतात, तरी एक स्टायलिस्ट दिवसाला आठच्या वर जात नाही. प्रत्येक सर्व्हिसची वेळ ठरवून टाकावी का? आणि हेल्परकडे शाम्पू आणि तयारी दिली तर आठाचे अकरा-बारा होतील का? की नुसताच गोंधळ वाढेल?*

ताई, वेळ जरूर ठरवा, पण एका सर्व्हिसला एकच आकडा लावू नका. मीही आधी तेच केलं होतं. काउंटरवर छान लॅमिनेट केलेला कागद लावला, कट एक तास, टच-अप दोन तास. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, कारण तो क्लायंटच्या बसण्याचा वेळ होता. तुम्हाला हवाय तो स्टायलिस्टचे हात अडकण्याचा वेळ. हे दोन आकडे वेगळे आहेत आणि सगळं गणित त्यांच्यातल्या फरकावर चालतं.

साधा कट घ्या, वॉश आणि ड्रायसकट. कोरड्या केसांवर बोलणं ५ मिनिटं, धुणं १२, कट २५, ड्राय १५, शेवटचा हात ५. क्लायंट खुर्चीत ६२ मिनिटं असते. धुणं आणि ड्राय हेल्परने केलं, तर यातली ३५ मिनिटंच स्टायलिस्टची. टच-अपमध्ये फरक अजून मोठा. बोलणं ५, कलर कालवणं ५, लावणं २५, थांबणं ३५, धुणं १५, ड्राय २०, शेवटचा हात ५, म्हणजे ११० मिनिटं. त्यात स्टायलिस्टचे बोलणं, लावणं, मध्ये एकदा बट पुसून रंग बघणं आणि शेवट मिळून ३७. क्लायंटचा वेळ यात कमी होत नाही हे नीट लक्षात ठेवा. ती तेवढाच वेळ बसणार आहे. तिला घाईत उरकलं तर पुढच्या महिन्यात ती येणार नाही.

हे आकडे माझ्या सलूनचे आहेत. तुमचे तुम्हालाच मोजावे लागतील, आणि मोजताना एक चूक सगळ्याच करतात, सरासरी काढतात. माझ्या एका मुलीचे सलग दहा कट मी लिहून ठेवले होते, फक्त कात्रीचा वेळ: १९, २०, २१, २२, २२, २३, २४, २५, ४२, ४४. सरासरी २६ येते. आता २६ लिहून अपॉइंटमेंट दिल्या तर आठ जणी आरामात बसतात, आणि उरलेल्या दोघी प्रत्येकी पंधरा-अठरा मिनिटांनी पुढची सगळी रांग मागे ढकलतात. त्या दोघींकडे पाहिलं तर एकीचे केस कमरेपर्यंत आणि दाट, दुसरीला लांब केसांचा बॉब करायचा होता. म्हणजे ती मुलगी हळू नव्हती, ते कामच वेगळं होतं. म्हणून आमच्या यादीत आता दोन ओळी आहेत: साधा कट २५, लांब-दाट किंवा पूर्ण नवीन कट ४५. फोनवर अपॉइंटमेंट घेणाऱ्या मुलीने एवढंच विचारायचं, "केस खांद्याच्या खाली किती येतात? ट्रिमच आहे की स्टाइल बदलायची?" या दोन प्रश्नांनी आमचा निम्मा उशीर गेला.

दोन आठवडे मोजा. ड्रॉवरमध्ये कार्डं ठेवा आणि प्रत्येक क्लायंटच्या कार्डावर वेळा टाका: खुर्चीत बसली, धुऊन आली, कात्री किंवा ब्रश लागला, सुटला, निघाली. स्टायलिस्टला स्वतःचं कार्ड भरायला सांगू नका, हेल्परला सांगा. स्टायलिस्टने भरलं की सगळे कट वीस मिनिटांत होतात! आणि दहापैकी आठ जणी ज्या वेळात बसतात तो आकडा पक्का धरा. तुमची सगळ्यात वेगवान मुलगी जो वेळ घेते तो धरू नका, नाहीतर बाकीच्या दोघी दुपारी तीननंतर रडकुंडीला येतील.

आता तुमच्या आठ आणि अकराकडे येऊ. साडेदहा ते आठ उघडं, जेवण-चहाचा एक तास सोडला तर ५१० मिनिटं हातात. आत्ता तुमची स्टायलिस्ट सगळं स्वतः करत असेल तर चार कट, दोन टच-अप आणि लहान मुलांचे वीस-वीस मिनिटांचे दोन कोरडे कट धरा. टच-अपच्या थांबण्याच्या वेळात ती दुसरं काम घेते असं धरलं, तरी हातांचा वेळ ४४२ मिनिटं होतो. त्यात प्रत्येकीमागे खुर्ची झाडणं वगैरे पाच मिनिटं घातली की ४८२. म्हणजे आठ क्लायंटवर दिवस भरला. तुमच्या मुली आळशी नाहीत.

धुणं, कालवणं, ड्राय आणि झाडलोट हेल्परकडे गेली की सहा कट, तीन टच-अप आणि दोन लहान मुलं यांना स्टायलिस्टचे ३६१ मिनिटं लागतात. पाच-पाच मिनिटं मोकळी सोडली तर ४१६. कागदावर अकरा क्लायंट बसले आणि ९४ मिनिटं उरली. इथे थांबून कोणीही म्हणेल, मग तेरा घेऊया. घेऊ नका. त्या ९४ मिनिटांचं काय होतं ते पुढे सांगते.

आधी हेल्परचा हिशोब करा, तो कोणीच करत नाही. त्याच अकरा क्लायंटसाठी हेल्परचे हात किती अडकतात? एका कटमागे धुणं १२, ड्राय १५, आवरणं ५, म्हणजे ३२. टच-अपमागे कालवणं, धुणं, ड्राय, आवरणं मिळून ४५. लहान मुलांमागे पाच-पाच. एकूण ३३७ मिनिटं. म्हणजे एक स्टायलिस्ट तिच्या हेल्परचा दोन तृतीयांश दिवस खाते. एक हेल्पर दोघींना पुरणार नाही, ६७४ मिनिटं ५१० मध्ये कशी बसवणार? तुमच्या तिघींना मिळून १०११ मिनिटं लागतील, आणि दोन हेल्परकडे सगळी मिळून १०२० आहेत. कागदावर पुरतात, प्रत्यक्षात एक जण नळावर टॉवेल पिळायला गेली की कोसळलं. रविवारपुरती तिसरी मुलगी घ्या, किंवा दोनच स्टायलिस्टना या पद्धतीत घाला आणि तिसरी आहे तशी चालू द्या. मी दुसरं आधी करून बघेन.

तिसरा हिशोब बेसिनचा. अकरापैकी नऊ जणी धुतल्या जातात. बेसिन पुसणं, टॉवेल बदलणं धरून एका स्टायलिस्टमागे १४४ मिनिटं होतात, तिघींची ४३२. एकच बेसिन ५१० मधली ४३२ मिनिटं चालू राहणार असेल, तर तिथे रांग लागणारच, कारण सगळ्या ठरलेल्या मिनिटाला उठत नाहीत. तिघींच्या पहिल्या अपॉइंटमेंट साडेदहा, पावणेअकरा, अकरा अशा पुढे-मागे लावल्या की ताण बराच कमी होतो. हे फुकट आहे, आधी हे करा, दुसऱ्या बेसिनचा खर्च नंतर. आणि नाशिकची थंडी विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळाचं पाणी बोटं बधिर करतं. २५ लिटरच्या गीझरमधून कोमट पाणी पन्नासेक लिटर निघतं, म्हणजे सलग दोन लांब केसांचे वॉश. तिसरीच्या वेळी हेल्पर पाणी तापायची वाट बघत उभी राहते आणि तुम्ही म्हणता पोरगी हळू आहे.

आता ती ९४ मिनिटं. एक स्टायलिस्ट, एक हेल्पर, रविवारी सकाळचे अकरा वाजलेत, तीन क्लायंट. टच-अपवाल्या काकू, कट-वॉशवाली एक मुलगी आणि आईबरोबर आलेला एक छोटा.

अकराला काकू बसतात. पाच मिनिटं बोलणं, नंबर ठरला. हेल्पर कलर कालवायला जाते, तोवर स्टायलिस्ट सेक्शन पाडते. ११:१० ते ११:३५ कलर लागतो. हे लावताना मध्ये उठायचं नाही, कोणाचाही फोन असो. अर्धं डोकं आधी आणि अर्धं दहा मिनिटांनी लागलं तर मुळांना दोन रंग येतात. काकूंच्या खुर्चीवर चिकटपट्टी लावून पेनने लिहायचं, १२:१० धुणे. ११:३५ ला कटवाल्या मुलीशी कोरड्या केसांवर बोलणं. ११:४० ला हेल्पर तिला बेसिनवर नेते आणि स्टायलिस्ट छोट्याचा कट घेते. छोटा १२ ला सुटतो, तोवर मुलीचे केस धुऊन, टिपून, विंचरून तयार. १२ ला कात्री लागते. १२:०८ ला दोन मिनिटं सोडून काकूंची बट पुसून बघायची. १२:१० ला हेल्पर काकूंना धुवायला घेते. १२:२७ ला मुलीचा कट संपतो.

आणि इथे अडतं. काकू १२:२५ ला ओल्या डोक्याने बेसिनवरून उठल्यात, मुलगी १२:२७ ला ओल्या डोक्याने कटमधून मोकळी झालीये, आणि ड्राय करायला हेल्पर एकच. मग स्टायलिस्टने मुलीचा ड्राय आणि शेवटचा हात स्वतः करायचा, १२:४७ पर्यंत. हेल्पर काकूंचा करते, तो १२:४५ ला संपतो. स्टायलिस्ट १२:४७ ला काकूंच्या शेवटच्या हाताला जाते आणि १२:५२ ला तिघंही मोकळे. कागदावर या तिघांना स्टायलिस्टची ९२ मिनिटं लागायला हवी होती, लागली ११२. पाच मिनिटं सेक्शन पाडण्यात गेली, पंधरा त्या ड्रायमध्ये. दिवसाला तीन टच-अप असतील तर तासाभराने हे वाढतं, आणि तुमच्या ९४ मिनिटांतली उरतात जेमतेम तीसेक. तेवढी उशिरा येणाऱ्या एकीला आणि "नुसते समोरचे केस कापून द्या ना" म्हणणारीला लागतात. तरी त्या तिघांना एकट्या स्टायलिस्टने १५९ मिनिटं घेतली असती, हेही बघा.

म्हणून डायरी लिहिताना क्रम उलटा करा. आधी कलर धुण्याच्या वेळा लाल पेनने लिहा, कारण त्याच तेवढ्या हलवता येत नाहीत. कट दहा मिनिटं थांबू शकतो, डोक्यावर लागलेला कलर नाही. मग बाकीचे असे बसवा की त्या लाल वेळेनंतरच्या अर्ध्या तासात दुसरा वॉश-कट संपत नसेल. तिथे लहान मुलांचे कट, ट्रिम, असं कोरडं काम टाकायचं.

हेल्परला काय द्यायचं आणि काय नाही, यावर माझं मत ठाम आहे. कलरचा नंबर ठरवणं, ब्लीच कधी धुवायचं ते सांगणं आणि स्मूदनिंगमध्ये क्रीम कधी काढायचं ते बघणं, हे तिन्ही स्टायलिस्टचंच. मिनिटांचा कितीही मोह झाला तरी. ब्लीच पाच मिनिटं जास्त राहिलं तरी केस तुटू शकतो, तो परत येत नाही. नव्या क्लायंटची पॅच टेस्ट कलरच्या ४८ तास आधी कानामागे लावायची, ती हेल्पर लावू शकते, पण झाली की नाही हे विचारायची जबाबदारी ब्रश हातात घेणारीची.

कालवणं मात्र देऊन टाका, फक्त अंदाजाने नाही. छोटा डिजिटल काटा घ्या. स्टायलिस्ट चिठ्ठीवर लिहिते, अमुक नंबर ४० ग्रॅम, २० व्हॉल्यूम ६० ग्रॅम, आणि हेल्पर वजन करून कालवते. हे प्रमाण आमच्या कलरचं झालं, तुमच्या ट्यूबच्या खोक्यावर जे लिहिलंय ते पाळा. ट्यूबवरचा नंबर आणि चिठ्ठीवरचा नंबर दोघींनी एकदा मोठ्याने वाचायचा. हास्यास्पद वाटतं, पण ३ आणि ५ ची अदलाबदल एकदा झाली की कळतं.

शाम्पू शिकवायला सोपं वाटतं, आणि तिथेच वेळ जातो. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर. कलर असेल तर लगेच शाम्पू नाही. थोडं पाणी घेऊन कपाळाच्या आणि कानाच्या कडेला बोटांनी गोल फिरवायचं, म्हणजे कातडीवरचे डाग त्याच कलरबरोबर सुटतात, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. हे न करता धुतलं तर नंतर स्टायलिस्ट पाच मिनिटं कापसाने कपाळ घासत बसते. कंडिशनर टोकांना, मुळांना नाही, नाहीतर ड्राय केल्यावर केस डोक्याला चिकटून बसतात. टॉवेलने दाबून टिपायचं, घासायचं नाही. मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून वर. ड्राय करताना ओलावा अगदी थोडा उरेपर्यंत न्यायचा आणि सोडायचं, शेवटचा ब्रश स्टायलिस्टचा. पूर्ण सुकवून ठेवलेले केस ब्रशने वळत नाहीत, मग परत पाणी मारा, परत सुकवा. म्हणजे वाचवलेली दहा मिनिटं गेली.

मी सुरुवातीला जिथे तोंडावर पडले तेही सांगते. वेळा माझ्या डोक्यात असायच्या, कुठे लिहिलेल्या नसायच्या. एका रविवारी दोन खुर्च्यांवर दोन टच-अप बसले होते, वीस मिनिटांच्या अंतराने. मी हेल्परला म्हटलं, "काकूंना धू." तिने दुसऱ्या काकूंना धुतलं. वेळेच्या वीस मिनिटं आधी! कानशिलावरचे पांढरे केस तसेच राहिले, ते तसेही कलर लवकर धरत नाहीत. फुकट परत करून दिलं, शिवाय दोन तास गेले. चिकटपट्टी त्या दिवशी आली, आणि "काकू" म्हणायचं बंद झालं, खुर्चीचा नंबर म्हणायचा.

क्लायंटची एक कुरबुर येईल: "मी तुमच्याकडे आले, धुतलं भलत्याच मुलीने." बोलणं आधी झालेलं असेल तर ही कुरबुर कमी येते. म्हणून ती पहिली पाच मिनिटं स्टायलिस्टने समोर बसून, कोरड्या केसांवर द्यायची, ती कधीच कापायची नाहीत. धुतल्यानंतर केस कसे पडतात ते तसंही दिसत नाही, भोवरा कुठे आहे तेही कळत नाही. मग नाव घेऊन सांगायचं, "ही पूजा, ही तुम्हाला धुवून देईल, मी इथेच आहे." टिप वेगळ्या डब्यात, हेल्परच्या नावाने. त्या डब्यामुळे माझ्याकडच्या मुलींची मसाजची बोटं सुधारली, माझ्या ओरडण्याने नव्हती सुधारली.

पद्धत चालली की नाही ते कसं ओळखायचं? गल्ल्याकडे बघून लगेच कळत नाही. कार्डावर एकच गोष्ट बघा: ओल्या डोक्याने क्लायंट किती वेळ नुसती बसली. धुऊन आल्यापासून कात्री लागेपर्यंत पाच मिनिटांच्या आत असेल तर ठीक. दहाच्या वर जायला लागलं तर स्टायलिस्टवर जास्त क्लायंट टाकलेत. उलट कोरड्या डोक्याने बेसिनची वाट बघत बसत असतील तर हेल्पर किंवा बेसिन कमी पडतंय. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत, आणि बहुतेक जणी दुसऱ्या दुखण्यावर पहिलं औषध देतात, स्टायलिस्टला "लवकर कर" म्हणतात.

पहिल्या महिन्यात अकरा धरू नका, दहा धरा. एका स्टायलिस्टला एक हेल्पर द्या, मंगळवार-बुधवारी करून बघा, रविवारी नाही. शिकवायचं असेल तर श्रावण बरा. सण-व्रतांमुळे आणि वार पाळणाऱ्यांमुळे त्या महिन्यात कात्री कमी चालते, बेसिन मोकळं असतं, मुली एकमेकींची डोकी धुऊन शिकतात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गर्दी येईल तोवर हात बसलेला असतो. आणि टॉवेल मोजा. नऊ वॉश म्हणजे एका स्टायलिस्टमागे किमान अठरा टॉवेल, तिघींचे चोपन्न, आणि पावसाळ्यात ते एका दिवसात वाळत नाहीत.